लाँच किंवा भरतीची बातमी दिसली की मेल कुणाला, कधी आणि कोणत्या कारणाने पाठवायचा?

प्रश्न: आम्ही तिघं मिळून सॉफ्टवेअर कंपन्यांना हेल्प सेंटरचे लेख लिहून देतो. एखाद्या कंपनीने नवं प्रॉडक्ट आणलं किंवा भरतीची जाहिरात टाकली की मी त्याच दिवशी अभिनंदनाचा मेल करतो आणि सोबत आमच्या कामाची माहिती देतो. उत्तर सहसा येत नाही, आलंच तर नुसतं ‘धन्यवाद’. बातमी ताजी असते, आमचं कामही त्यांच्या उपयोगाचं असतं. मग अडतंय कुठे?

उत्तर:

तुमच्या मेलमध्ये बातमी आहे आणि सेवाही आहे, पण एकीतून दुसरी कशी येते हे कुठेच लिहिलेलं नाही. तो दुवा जोडण्याचं काम तुम्ही वाचणाऱ्यावर सोडलंय आणि त्याला तेवढा वेळ नाही. लाँचच्या आठवड्यात त्याच माणसाकडे जाहिरात एजन्सी, भरती करून देणारे, सॉफ्टवेअर विकणारे अशा सगळ्यांचे मेल येतात आणि त्यातले बरेचसे अभिनंदनानेच सुरू होतात. बातमी सगळ्यांनी वाचलेली असते, त्यामुळे ती वाचली एवढ्यावर तुमचा मेल वेगळा ठरत नाही. ‘धन्यवाद’ हे अभिनंदनाला मिळालेलं रीतसर उत्तर आहे. तुम्ही ज्यासाठी लिहिलंत ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

म्हणून मी बातमीकडे एकच प्रश्न घेऊन जाते: या बातमीमुळे कोणत्या माणसाच्या टेबलावर कोणतं नवं काम येऊन पडलंय? माणूस आणि काम या दोन्हींची नावं सांगता आली तर संपर्क साधायला कारण आहे. नाही आली, तर बातमी कितीही ताजी असो, मी मेल पाठवत नाही.

यात बरंच काही कंपनीच्या आकारावर अवलंबून आहे. पाच-सात माणसांच्या कंपनीत सपोर्ट, लेखन आणि विक्री संस्थापकच पाहतो. तिथे इतकी चौकशी न करता त्याला सरळ लिहिलं तरी चालतं. फार मोठ्या कंपनीत नव्या पुरवठादाराला यादीत शिरायलाच काही महिने लागतात, त्यामुळे बातमीच्या ताजेपणाला फारशी किंमत उरत नाही. मी पुढे जे सांगते आहे ते या दोन्हींच्या मधल्या कंपन्यांना लागू होतं, म्हणजे जिथे सपोर्टला स्वतंत्र प्रमुख आहे आणि छोट्या कामाचा खर्च तो स्वतः मंजूर करू शकतो. माझं बहुतेक काम अशाच कंपन्यांशी असतं, आणि तुमच्या सेवेचे ग्राहकही मला तिथेच दिसतात.

लाँचच्या घोषणेपेक्षा भरतीची जाहिरात जास्त बोलते

लाँचची घोषणा मार्केटिंगवाले बाहेरच्या लोकांसाठी लिहितात. काय नवीन आलं ते त्यातून कळतं, पण आत कुणाची तारांबळ उडाली आहे ते कळत नाही. भरतीच्या जाहिरातीचा मसुदा बहुतेक वेळा त्या टीमच्या प्रमुखाकडून येतो, कारण ‘हा माणूस येऊन नेमकं काय करणार’ हे त्यालाच सांगावं लागतं. त्यामुळे जाहिरातीतल्या जबाबदाऱ्यांची यादी म्हणजे त्या टीमची अडलेली कामं असतात, तीही त्यांच्याच शब्दांत. मी घोषणा एकदा नजरेखालून घालते, जाहिरात मात्र ओळ न् ओळ वाचते.

वाचताना पहिली नजर जबाबदाऱ्यांवर. ‘ग्राहकांच्या शंकांना उत्तरं देणं’ ही ओळ सपोर्टच्या प्रत्येक जाहिरातीत असते, तिच्यातून काहीच कळत नाही. पण ‘नव्या फीचरनुसार हेल्प सेंटरचे लेख अद्ययावत ठेवणं’ किंवा ‘वारंवार येणाऱ्या प्रश्नांसाठी तयार उत्तरं लिहिणं’ अशी ओळ दिसली की थांबायचं. लेख मागे पडलेत हे त्यांना ठाऊक आहे. शिवाय ते काम ज्याच्या गळ्यात पडणार आहे तो दिवसभर तिकिटांना उत्तरं देणार आहे, म्हणजे लेखांसाठी त्याला वेळ मिळणं अवघडच. तुमच्या सेवेला जागा आहे ती इथे.

दुसरी गोष्ट, हा माणूस कुणाच्या हाताखाली काम करणार. ‘सपोर्ट प्रमुखांना रिपोर्ट करावं लागेल’ अशी ओळ असेल तर मेल कुणाला लिहायचा हे तिथेच मिळालं. तिसरी गोष्ट, जागा नवी आहे की कुणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली आहे. ‘या भूमिकेतील पहिली व्यक्ती’ किंवा ‘वाढत्या टीमसाठी’ असे शब्द असतील तर काम वाढलंय. एकच जागा, जुनं पदनाम आणि नव्या कामाचा उल्लेख नाही, असं असेल तर बहुधा कुणीतरी गेलंय. तेव्हा टीमवर ताण असतो, पण नवं काम बाहेर द्यायचा विचार क्वचितच असतो.

जाहिराती फसव्याही असतात. काही कंपन्या एकच जाहिरात वर्षभर चालू ठेवतात, म्हणजे कधी गरज पडली तर अर्ज हाताशी असावेत. अशी जाहिरात ओळखू येते. तिच्यात टीमचं, प्रॉडक्टचं, वरिष्ठाचं नाव नसतं आणि तोच मजकूर अनेक शहरांच्या नावाने दिसतो. नोकरीच्या संकेतस्थळांवर जुनी जाहिरात पुन्हा टाकली की तारीख नवी दिसते, म्हणून तिथल्या तारखेवर मी विसंबत नाही. कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावर जाते, आणि शंका असेल तर त्या पानाचा पत्ता `web.archive.org` या जुन्या वेबपानांच्या संग्रहात टाकून मागच्या नोंदी पाहते. सहा महिन्यांपूर्वीही शब्दशः तीच जाहिरात असेल तर ती बातमी नव्हे. प्रत्येक पानाची नोंद तिथे सापडेलच असं नाही, पण जेव्हा सापडते तेव्हा एक वाया जाणारा मेल वाचतो.

जाहिराती शोधायच्या कशा, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या कामाला थेट उपयोगी पडेल म्हणून सांगते. बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्या आपल्या जागा ग्रीनहाउस किंवा लिव्हर या भरतीप्रणालींवर टाकतात आणि ती पानं गूगलमध्ये शोधता येतात:

```
(site:boards.greenhouse.io OR site:job-boards.greenhouse.io) "support" "help center"
site:jobs.lever.co "support" "knowledge base"
```

अवतरणातल्या शब्दांमुळे फक्त ज्या जाहिरातींत लेखांचा उल्लेख आहे त्याच वर येतात. शोधाच्या साधनांमधून कालावधी मागच्या महिन्यापुरता ठेवला तर यादी हाताळण्याजोगी होते. पदनामाने शोधलंत तर सपोर्टच्या सगळ्याच जागा समोर येतील आणि त्यातल्या बहुतेक तुमच्या कामाच्या नसतील.

दोन पुरावे जुळल्याशिवाय लिहायचं नाही

नुसता लाँच किंवा नुसती भरती हा कच्चा धागा आहे. त्याला मी तिसरीकडून आधार शोधते, तोही कुणालाही पाहता येईल अशा ठिकाणी: त्यांचं हेल्प सेंटर, प्रॉडक्टमधल्या बदलांची यादी, अ‍ॅप स्टोअरवरचे अभिप्राय, ग्राहकांचा चर्चामंच असेल तर तो. तुम्ही लेख लिहिता, म्हणून तुमच्यासाठी हेल्प सेंटर सगळ्यात महत्त्वाचं. नव्या फीचरवर किती लेख आहेत, चित्रांत जुना स्क्रीन दिसतोय का, शोधपेटीत ग्राहक जो शब्द टाकेल तो टाकल्यावर काय येतं, एवढं पाहायला वीसेक मिनिटं पुरतात.

एका कंपनीसोबतच्या कामातलं उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. त्यांनी घोषणा केली की आता रुग्णाला अपॉइंटमेंट घेतानाच ऑनलाइन पैसे भरता येतील. ज्यांना मी मदत करत होते ते तुमच्यासारखंच लेखनाचं काम करतात. त्यांनी अभिनंदनाचा मेल तयारच ठेवला होता, तो मी थांबवायला लावला. आधी करिअर पान उघडलं. दोन आठवड्यांपूर्वी सपोर्टच्या दोन जागा निघाल्या होत्या आणि पदनामात ‘बिलिंग’ हा शब्द होता. जबाबदाऱ्यांत एक ओळ होती, ‘पेमेंटविषयक लेख तयार करणे व अद्ययावत ठेवणे’. वरिष्ठ म्हणून सपोर्ट प्रमुखांचा उल्लेख होता.

मग हेल्प सेंटर. पेमेंटवर एकच लेख, तोही सुविधा चालू कशी करायची याचा. पण पैशांचे व्यवहार आले की सपोर्टकडे येणारे प्रश्न सहसा सुविधा चालू करण्याचे नसतात. अपॉइंटमेंट रद्द झाली तर पैसे परत कसे द्यायचे, अर्धेच परत द्यायचे असतील तर काय, व्यवहार फसला पण रुग्णाचे पैसे कापले गेले तर कुणी काय करायचं, दवाखान्याच्या खात्यात रक्कम कधी जमा होते, असे ते प्रश्न असतात. यातल्या एकावरही लेख नव्हता. अ‍ॅप स्टोअरवरच्या ताज्या अभिप्रायांत दोघा-तिघांनी पैसे परत मिळण्याबद्दलच विचारलं होतं.

आता चित्र स्पष्ट झालं. नवी सुविधा पैशांची आहे, आणि पैशांचा प्रश्न अडला की माणूस थांबत नाही, लगेच तिकीट टाकतो. ती तिकिटं पाहायला दोन माणसं हवी आहेत, पण ती अजून आलेली नाहीत. ती आल्यावर त्यांनी लेखही लिहावेत अशी अपेक्षा आहे. तोपर्यंत तीच तीच उत्तरं जुनी टीम हाताने लिहिते आहे. माणूस सापडला, सपोर्ट प्रमुख. काम सापडलं, पैसे परत देण्याचे आणि फसलेल्या व्यवहारांचे लेख. यात जुनी टीम हाताने उत्तरं लिहिते आहे आणि लेख मागे राहिलेत हा आपला अंदाज आहे, पाहिलेली गोष्ट नव्हे, हे मात्र विसरायचं नाही. मेलमध्येही तो अंदाज म्हणूनच जायला हवा.

केव्हा लिहायचं

तुम्ही घोषणेच्याच दिवशी लिहिता, आणि माझ्या मते त्यामुळेच तुमचं बरंचसं नुकसान होतं. त्या दिवशी टीम लाँच सांभाळत असते. काही तुटलं तर दुरुस्त करायचं, आपल्याच लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, वरिष्ठांना आकडे कळवायचे. शिवाय तुम्ही ज्या अडचणीवर काम करता ती त्या दिवशी उगवलेलीच नसते. ग्राहक आधी नवी गोष्ट चालू करतात, काही दिवस वापरतात, मग अडखळतात. एकसारखे प्रश्न पुन्हा पुन्हा यायला लागले की सपोर्ट प्रमुखाला लेखांची उणीव जाणवते. म्हणून लाँचनंतरचा पहिला आठवडा मी सोडून देते आणि दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात लिहिते. पैशांसारख्या विषयात दुसरा आठवडा बरा, कारण तिथे प्रश्न लवकर येतात. मोठ्या कंपन्यांना विकलेलं सॉफ्टवेअर असेल तर आणखी थांबावं, कारण तिथे नवं फीचर प्रत्यक्ष वापरात यायलाच महिना-दोन महिने जातात.

भरतीत दोन वेळा साधता येतात. एक, जाहिरात निघून दोन-तीन आठवडे झालेत आणि जागा अजून रिकामी आहे. कामाला हात कमी आहेत हे तेव्हा प्रमुखाला रोज जाणवत असतं. दुसरी, नवा माणूस येऊन महिनाभर झाल्यावर. ही दुसरी वेळ खरी कामाची ठरते ती प्रमुखाचीच जागा भरली गेली असेल तर. नवा प्रमुख पहिल्या तीन महिन्यांत काय चालू ठेवायचं आणि काय बदलायचं हे ठरवतो आणि बाहेरचं ऐकायला तयार असतो. तो रुजू झाल्याचं लिंक्डइनवर कळतं. पण पहिल्याच आठवड्यात लिहू नका. कोणते लेख कुठे आहेत हे त्याला स्वतःलाच अजून सापडलेलं नसतं.

आणि एक अगदी पक्की गोष्ट: भरतीच्या जाहिरातीत दिलेल्या अर्जाच्या पत्त्यावर विक्रीचा मेल पाठवायचा नाही, आणि ओळख काढण्यासाठी खोटा अर्ज तर मुळीच करायचा नाही. तो पत्ता उमेदवारांसाठी आहे. तिथे बसलेल्या माणसाला तुमच्या कामाचं काही करता येत नाही, आणि मेल चुकून पुढे गेलाच तर सपोर्ट प्रमुखाला तुमची पहिली ओळख ‘भरतीच्या वाटेत घुसलेला विक्रेता’ अशी होते.

मेल

वर सांगितलेल्या कंपनीसाठी आधी लिहून ठेवलेला मसुदा साधारण असा होता:

> नमस्कार, ऑनलाइन पेमेंट सुविधेच्या यशस्वी लाँचबद्दल मनःपूर्वक अभिनंदन! आपण सपोर्ट टीम वाढवत असल्याचंही पाहिलं. आम्ही सॉफ्टवेअर कंपन्यांना दर्जेदार हेल्प सेंटर उभारून देतो. आमच्या सेवांची माहिती सोबत जोडली आहे. या आठवड्यात अर्धा तास बोलता येईल का?

यात असभ्य काही नाही. पण कंपनीचं आणि सुविधेचं नाव बदललं तर हाच मेल दुसऱ्या शंभर कंपन्यांना जाऊ शकतो, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळतं. मागणीही मोठी आहे. अनोळखी माणसाला अर्धा तास द्यायचा, तोही कशासाठी हे न कळता. आम्ही जो पाठवला तो असा:

> विषय: पेमेंट परत करण्याचे लेख
>
> नमस्कार. तुमच्या हेल्प सेंटरमध्ये ऑनलाइन पेमेंट चालू करण्याचा लेख आहे, पण रद्द झालेल्या अपॉइंटमेंटचे पैसे परत देणं आणि फसलेला व्यवहार यांवर मला लेख सापडला नाही. बिलिंग सपोर्टच्या जाहिरातीत पेमेंटचे लेख लिहिण्याचं काम दिसलं, त्यावरून अंदाज केला की नवी माणसं येईपर्यंत हे मागे राहिलं असावं. अंदाज चुकीचा असेल तर जरूर सांगा.
>
> आम्ही सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी असेच लेख लिहितो. नवी माणसं आल्यावर त्यांनाही शिकण्यासाठी ते हाताशी राहतील. पैसे परत देण्याच्या लेखाचा एक आराखडा केला आहे, कोणते प्रश्न घ्यावेत तेवढाच. पाठवू का?

यातली प्रत्येक ओळ विचार करून ठेवलेली आहे. अभिनंदन मुद्दाम काढलं, कारण सपोर्ट प्रमुखासाठी लाँच म्हणजे आधी वाढलेलं काम असतं. सुरुवात त्याने स्वतः पाहून खरं-खोटं करता येईल अशा गोष्टीने केली. ‘सापडला नाही’ असं लिहिलं, ‘नाहीच’ असं नाही, कारण लेख लॉगिनच्या आत असू शकतो. भरतीचा उल्लेख दुसऱ्या जागी आहे आणि त्याच्यालगत अंदाज हा अंदाज म्हणून सांगितलाय. अ‍ॅप स्टोअरवरचे अभिप्राय आम्हाला ठाऊक होते, तरी मेलमध्ये घातले नाहीत. ग्राहकांच्या तक्रारी परक्याने त्यांच्यासमोर ठेवल्या की माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो, आणि त्या प्रमुखाने मेल वरिष्ठाकडे पुढे पाठवायचं ठरवलं तर त्या ओळींमुळे त्यालाच संकोच वाटतो. तुम्हाला माहीत असलेलं सगळं सांगायची गरज नसते.

‘नवी माणसं आल्यावर त्यांनाही शिकण्यासाठी’ ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. भरतीच्या बातमीवरून लिहिताना एक धोका कायम असतो: ‘माणूस घेऊ नका, आम्हाला घ्या’ असा अर्थ निघण्याचा. त्या प्रमुखाने या दोन जागांसाठी वरून मंजुरी मिळवलेली असते, कधी कधी बरीच खटपट करून. तुमच्या मेलमुळे त्या जागा धोक्यात येतील असं त्याला वाटलं तर तो उत्तर देणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून तुमचं काम त्या नव्या माणसांना उपयोगी पडणारं आहे हे स्पष्ट दिसलं पाहिजे, आणि ते खरंही असलं पाहिजे.

शेवटी विचारलं ते एका शब्दात उत्तर देता येईल असं. आराखडा आधीच जोडला नाही. अनोळखी माणसाकडून आलेली फाइल पुष्कळजण उघडत नाहीत. शिवाय ‘हो, पाठवा’ एवढं जरी आलं तरी बोलणं सुरू झालेलं असतं. पण आराखडा खरोखर तयार हवा. हो आल्यावर दोन दिवस लावले तर सगळंच विरतं.

त्या मेलला उत्तर आलं, पण आम्ही धरलं होतं तसं नाही. प्रमुख म्हणाल्या, पैसे परत देण्याचे लेख प्रॉडक्ट टीमकडेच लिहून होत आहेत, मात्र अपॉइंटमेंटचे जुने लेख नव्या स्क्रीनप्रमाणे बदलायचे राहिलेत, त्याच्या खर्चाचा अंदाज द्याल का. असं पुष्कळदा होतं. तुमचा अंदाज अगदी अचूक असलाच पाहिजे असं नाही. तो इतका जवळचा असला पाहिजे की समोरच्याला तो दुरुस्त करावासा वाटेल. दुरुस्त करताना खरी गरज तोच सांगून जातो.

उत्तरावरून काय बिघडलंय ते कळतं

नुसतं ‘धन्यवाद’ आलं तर मेलमधलं अभिनंदन पोचलं आणि कारण पोचलं नाही, हे तर झालंच. ‘आम्ही सध्या भरती करतोय, एजन्सी नको’ असं आलं तर तुम्ही त्यांच्या जागांना पर्याय म्हणून दिसलात. नव्या माणसांना उपयोग होईल हे सांगणारी वरची ओळ हरवली आहे. ‘एचआरशी बोला’ असं आलं तर बहुधा तुम्ही भरतीबद्दल जास्त बोललात आणि कामाबद्दल कमी, त्यामुळे त्यांना तुम्ही माणसं पुरवणारे वाटलात. ‘ही माहिती तुम्हाला कुठून मिळाली’ असं आलं तर तुम्ही पाहिलेल्या गोष्टीचा स्रोत सांगितला नाहीत किंवा गरजेपेक्षा जास्त तपशील घातलेत. अशा वेळी लगेच, सरळ उत्तर द्यावं: अमुक पानावर जाहीर जाहिरात होती, तिथे वाचलं. आडवळण घेतलं की संशय वाढतो.

काहीच उत्तर नाही आलं तर त्याचा अर्थ लावत बसू नका, एका मेलवरून काही ठरत नाही. पण असे वीस-पंचवीस मेल गेले आणि सगळीकडे शांतताच असली, तर आधी पाहा की तुम्ही योग्य माणसाला लिहिताय का. माझ्या अनुभवात मजकुरापेक्षा चुकीचा माणूस हे कारण जास्त वेळा निघतं. मार्केटिंग प्रमुखाला हेल्प सेंटरचे लेख आवडले तरी ते त्याच्या अखत्यारीत नसतात.

पुन्हा लिहायचं असेल तर

पहिल्या मेलनंतर पाच-सहा कामाचे दिवस जाऊ द्यावेत आणि दुसरा मेल त्याच धाग्यात पाठवावा. ‘माझा मेल पाहिलात का’ हे कारण नव्हे. दुसऱ्या मेलमध्ये काहीतरी नवं हवं. वरच्या उदाहरणात आम्ही ठेवलं होतं ते असं: हेल्प सेंटरच्या शोधपेटीत ‘पैसे परत’ टाकलं तर अपॉइंटमेंट रद्द करण्याचा जुना लेख येतो, ज्यात पैशांचा उल्लेखच नाही. दोन ओळींचा मेल, सोबत त्या पानाचा पत्ता. त्याची गरज पडली नाही, पण तयार होता. दुसऱ्यालाही उत्तर नाही आलं तर थांबायचं. ‘हा शेवटचा मेल’ असा जड निरोप लिहिण्याचीही गरज नाही.

विषयाच्या ओळीत खोटा ‘Re:’ टाकून जुनं बोलणं चालू असल्याचा आभास करायचा नाही. हा सभ्यतेचा भाग तर आहेच, कायद्याचाही आहे. अमेरिकेतल्या 2003च्या कॅन-स्पॅम कायद्यात फसवी विषयओळ चालत नाही, व्यावसायिक मेलमध्ये टपालाचा खरा पत्ता द्यावा लागतो आणि ‘पुन्हा पाठवू नका’ म्हणण्याची सोय ठेवावी लागते. कुणी तसं सांगितलं तर 10 कामकाजी दिवसांच्या आत त्याला यादीतून काढावं लागतं. युरोपात वैयक्तिक माहितीचे नियम आणखी कडक आहेत आणि मेलबद्दलचे नियम देशागणिक वेगळे आहेत. ज्या देशातल्या कंपनीला लिहायचं त्या देशाचा नियम आधी पाहून घ्या.

‘आता नको, आधी जागा भरू दे’ असं उत्तर आलं तर ते नकार म्हणून सोडून देऊ नका, यात त्यांनी तुम्हाला पुढचा मुहूर्त सांगितला आहे. कंपनीचं नाव, जाहिरातीचा मजकूर (पान नंतर निघून जातं, म्हणून तो स्वतःकडे उतरवून ठेवा), कुणी काय म्हटलं आणि करिअर पान पुन्हा पाहायची तारीख अशी नोंद ठेवा. जाहिरात पानावरून गेली की साधारण महिन्याभरानंतर त्याच धाग्यात लिहा: ‘बिलिंग सपोर्टची जागा भरलेली दिसते. तेव्हा म्हणाला होतात म्हणून विचारते आहे, लेखांचं काम आता नव्या माणसांकडे आहे की अजून बाकी आहे?’ जाहिरात निघून जाण्याचं कारण कधी कधी भरती थांबवणं हेही असतं. तसं असेल तर ते सांगतील, आणि मग त्या कंपनीला काही काळ लिहायचं नाही.